बादली, नळी आणि पहिलं सर्किट: आत्याला व्होल्टेज शिकवतानाच्या नोंदी

आत्याला शिलाई मशीनच्या सुईवर प्रकाश टाकणारा छोटा दिवा करायचा आहे, आणि तोही स्वतःच्या हातानं. विजेचं तिचं ज्ञान म्हणजे बटण दाबलं की दिवा लागतो, एवढंच. सर्किटला हात लावायच्या आधी व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स हे तीन शब्द पाण्याच्या नळीवरून समजावायचे असं मी ठरवलं. वाटलं होतं एका दुपारचं काम आहे, पण पाच आठवड्यांचे शनिवार-रविवार गेले. कोणाला असंच शिकवायचं असेल तर माझ्या चुका तरी टळाव्यात म्हणून या नोंदी.

४ जानेवारी

सुरुवात तोंडीच केली. पाण्याचा दाब म्हणजे व्होल्टेज, वाहणारं पाणी म्हणजे करंट, नळीचा अरुंदपणा म्हणजे रेझिस्टन्स. दहा मिनिटांत झालं. आत्यानं मान डोलावली. मी खूश.

मग तिला विचारलं, "आता तूच सांग, व्होल्टेज म्हणजे काय?"

"जोरात येणारा करंट."

म्हणजे सगळं पाण्यात गेलं. चूक तिची नव्हती. "दाब" म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे जोरात उडणारी धार येते, आणि धार म्हणजे वाहणारं पाणीच. त्यातून आपण रोज बोलतोही तसंच: शॉक बसला की "करंट लागला", दिवा मंद झाला की "व्होल्टेज नाही". दोन्ही शब्द "वीज" याच अर्थानं फिरतात. ते नुसत्या शब्दांनी सुटे होणार नाहीत, मोजूनच दाखवायला हवेत.

"दाब" हा शब्द आजपासून बंद. त्याऐवजी "उंची" म्हणायचं. उंची पट्टीनं मोजता येते, आणि पाणी वाहत नसलं तरी ती असतेच. टेबलावर ठेवलेली भरलेली बादली काही करत नसते, पण तिची उंची कुठे जात नाही. कशालाही न जोडलेल्या सेलचं तसंच.

५ जानेवारी

सामान: १५ लिटरची बादली, आतून ८ मिलिमीटर व्यासाची दीड मीटर पारदर्शक नळी, मोजपात्र, मोजपट्टी, घड्याळ.

बादलीच्या बुडाशी भोक पाडून नळी बसवायला गेलो आणि सकाळ वाया घालवली. गरम गोंद ओल्या प्लास्टिकला धरत नाही, आणि सुकवून लावला तरी नळी हलली की सुटतो. तिसऱ्यांदा गळल्यावर ते भोक कायमचं बुजवून टाकलं. सोपा उपाय वक्रनलिकेचा: नळी बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून भरून घ्यायची, एक टोक अंगठ्यानं दाबून काठावरून बाहेर काढायचं, खाली न्यायचं आणि अंगठा सोडायचा. इथे उंची मोजायची ती बादलीतल्या पाण्याच्या पृष्ठभागापासून नळीच्या बाहेरच्या तोंडापर्यंत. मधे नळी काठावरून किती वर गेली, याला महत्त्व नाही. मी पहिल्यांदा बादलीच्या बुडापासून मोजली होती, त्यामुळे पहिले सगळे आकडे फेकून दिले.

दुसरी चूक, पाणी मिनिटभर वाहू दिलं. तेवढ्यात साडेतीन लिटर पाणी खाली आलं, बादलीतली पातळी पाच-सहा सेंटिमीटर उतरली आणि धार मोजता मोजताच मंदावली. मग दहा-दहा सेकंदच मोजलं आणि प्रत्येक वेळी बादली पुन्हा काठोकाठ भरली.

उंची ५० सेंटिमीटर: दहा सेकंदांत ५९० मिलिलिटर.
उंची १०० सेंटिमीटर: दहा सेकंदांत ८५० मिलिलिटर.

आत्या आकड्यांकडे बघत म्हणाली, "तू तर म्हणालास उंची दुप्पट केली की पाणी दुप्पट."

म्हणालो होतो खरा. ११८० यायला हवे होते. पुन्हा मोजलं, ८४० आलं. चूक मोजण्यात नव्हती.

५ जानेवारी, रात्री

कारण सापडलं, आणि आपल्याला हे आधी सुचलं नाही याची लाज वाटली. रुंद नळीत पाणी घुसळत, भोवरे करत वाहतं. अशा वाहण्यात उंची चौपट करावी तेव्हा कुठे धार जवळपास दुप्पट होते. उंची दुप्पट केली तर धार साधारण १.४ पट. माझे आकडे अगदी तसेच आहेत, ८५० भागिले ५९० म्हणजे १.४४.

ओहमचा नियम मात्र सरळ प्रमाणाचा आहे. व्होल्टेज दुप्पट, तर करंट दुप्पट. म्हणजे बागेतल्या पाइपवर हा प्रयोग करून दाखवला, तर शिकणाऱ्याला चुकीचाच नियम मोजून दाखवल्यासारखं होतं. तोंडी सांगितलं असतं तर ही फट कधी दिसलीच नसती.

सरळ प्रमाण हवं असेल तर पाणी घुसळता कामा नये, ते थरांसारखं शांत सरकलं पाहिजे. त्यासाठी नळी बारीक हवी, लांब हवी आणि वेग कमी हवा. बारीक नळ्यांतून द्रव कसे वाहतात याची मोजमापं प्वाझ्य या फ्रेंच डॉक्टरनं १८४० च्या सुमारास केली होती. रक्त बारीक वाहिन्यांतून कसं वाहतं, हे त्याला समजून घ्यायचं होतं.

११ जानेवारी

आतून २ मिलिमीटर व्यासाची पारदर्शक सिलिकॉन नळी आणली. मधे मासे पाळायच्या टाकीतली हवेची ४ मिलिमीटरची नळी वापरून पाहिली होती, तिच्यानंही आकडे वाकडेच आले. २ मिलिमीटरच हवी.

नळीचा २ मीटरचा तुकडा घेतला. आता पाणी इतकं कमी येतं की पूर्ण मिनिटभर मोजलं तरी चालतं. एका मिनिटात बादलीची पातळी दोन मिलिमीटरही उतरत नाही, त्यामुळे सारखी बादली भरायचा त्रासही संपला.

पहिल्या फेरीत ५० सेंटिमीटरला ५५ मिलिलिटर आलं, दुसऱ्या फेरीत ३१, तिसऱ्या फेरीत १२. आत्या म्हणाली, "नळी थकली वाटतं." वाकून बघितलं तर बादलीच्या काठावर, नळीच्या सगळ्यात उंच जागी, हवेचा बोटाच्या पेराएवढा बुडबुडा बसला होता. ताज्या पाण्यात विरघळलेली हवा हळूहळू बाहेर पडते आणि उंच जागी साठते. रुंद नळीत ती वाहून जाते, बारीक नळीत अडकून बसते. उपाय: पाणी आदल्या रात्री भरून ठेवायचं आणि नळी पूर्ण भरली आहे का ते उजेडासमोर धरून बघायचं. यात अख्खी दुपार गेली.

१२ जानेवारी

रात्रभर ठेवलेलं पाणी, २ मीटर नळी, एक मिनिट:

२५ सेंटिमीटर: २९ मिलिलिटर
५० सेंटिमीटर: ५७ मिलिलिटर
७५ सेंटिमीटर: ८४ मिलिलिटर
१०० सेंटिमीटर: ११० मिलिलिटर

हे आकडे आत्यानंच लिहिले, आणि शेवटचा लिहायच्या आधी "एकशे दहा-पंधरा येईल" असंही तिनंच सांगितलं. वरच्या टोकाला आकडे थोडे कमी पडतात, कारण थोडी उंची पाण्याला वेग द्यायलाच खर्च होते. पण शिकवायला एवढं सरळ प्रमाण पुरे.

मग नळी कापून १ मीटर केली आणि ५० सेंटिमीटरवर ठेवली. १०६ मिलिलिटर आलं. उंची तीच, नळी निम्मी, पाणी जवळपास दुप्पट. रेझिस्टन्स हा शब्द मी इथे पहिल्यांदा उच्चारला. त्याआधी नाही.

रेझिस्टन्स दाखवायला मी मुद्दाम लांबीच बदलली, जाडी नाही. जाडीच्या बाबतीत पाणी आणि वीज यांचं जमत नाही. शांत वाहणाऱ्या पाण्याची नळी निम्म्या व्यासाची केली की प्रवाह सोळापटीनं घटतो. तार निम्म्या व्यासाची केली तर करंट चौपटीनंच घटतो. "बारीक म्हणजे जास्त अडथळा" एवढं तोंडी सांगावं, त्यावर मोजमाप करू नये.

नळी रिकामी असताना पाणी टोकाला पोचायला वेळ लागत होता, ते आत्याच्या लक्षात आलं होतं. "मग दिवा बटण दाबल्याबरोबर कसा लागतो?" म्हटलं, तारेची नळी कधी रिकामी नसते. धातूत इलेक्ट्रॉन आधीपासूनच खच्चून भरलेले असतात. मग भरलेल्या नळीचं टोक चिमटीत धरून सोडायला सांगितलं. सोडताक्षणी थेंब पडला. बादलीतून निघालेला थेंब तो नव्हे, टोकाशी आधीच असलेला. ते तिला पटलं.

१८ जानेवारी

आज मला वाटत होतं की सर्किटकडे वळू. आत्यानं अडवलं.

"पाणी खाली आलं आणि संपलं. म्हणजे दिव्यातही करंट संपतो ना?"

हा समज पाण्याच्या उदाहरणानंच घातलेला. वरून भरायचं आणि खाली ओतून द्यायचं, अशी माझी मांडणी होती. त्यात पाणी वापरलं जातं असंच दिसतं.

पंप आणायचा विचार होता, पण पंप म्हणजे आणखी एक न दिसणारी पेटी. त्याऐवजी आत्याच्या हातात भांडं दिलं. खालच्या टोपातलं पाणी भांड्यानं घ्यायचं आणि स्टुलावर चढून वरच्या बादलीत ओतायचं. आधी दोन्ही पातळ्यांवर पेनानं खुणा केल्या. पाच मिनिटं पाणी खाली येत होतं आणि ती वर नेत होती. खुणा हलल्या नाहीत.

"किती पाणी कमी झालं?"

"काहीच नाही."

"मग काय कमी झालं?"

ती स्टुलावर बसली. "मी," म्हणाली.

बॅटरी ती होती. पाणी तेवढंच राहतं, हरते ती उंची, आणि ती उंची परत देण्याचं काम बॅटरी करते. सेल संपतो म्हणजे त्यातले इलेक्ट्रॉन संपत नाहीत, वर उचलायची ताकद संपते. नंतर दोन दिवस तिचं उजवं कोपर दुखत होतं. स्टूल बुटकं घ्या.

१८ जानेवारी, संध्याकाळी

आणखी एक घोटाळा, आणि हा भाषेतला. आत्या भाच्याचं विज्ञानाचं जुनं पुस्तक घेऊन बसली होती. त्यात "बंद परिपथातून विद्युतधारा वाहते" असं लिहिलेलं. तिनं पुस्तक माझ्यापुढे धरलं. "नळ बंद केला की पाणी थांबतं. इथे बंद केल्यावर वाहते म्हणतात. छपाईची चूक आहे का?"

चूक नाही. परिपथ "बंद" म्हणजे कडी जुळलेला, कुठेही फट नसलेला. नळ "बंद" म्हणजे वाट अडवलेला. एकच शब्द, अर्थ अगदी उलटे. वर आपण स्विचही "बंद" करतो, म्हणजे परिपथ खुला करतो! यापुढे आमच्यात "बंद" आणि "खुला" दोन्ही शब्द नाहीत. "जुळलेलं" आणि "तुटलेलं".

याच्याच जोडीला: नळी कापली की पाणी सांडतं, तार कापली की वीज सांडत नाही. तारेच्या भोवतालची हवा म्हणजे जणू घट्ट बसवलेलं बूच आहे. तुटलेल्या जागी आपोआप बूच लागतं आणि सगळ्या कडीतला प्रवाह एकाच वेळी थांबतो.

१९ जानेवारी

या सगळ्यात हा प्रयोग सर्वांत कामाचा ठरला. वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा आणि एवढंच करा.

२ मीटरची नळी बरोबर मधोमध कापली आणि टी आकाराचा जोड घातला. टीच्या वरच्या तोंडाला ४ मिलिमीटरची पारदर्शक नळी उभी लावली, शेजारी मोजपट्टी चिकटवली. बादलीतलं पाणी बाहेरच्या तोंडापेक्षा १०० सेंटिमीटर वर. टी आणि बाहेरचं तोंड एकाच पातळीवर, बुटक्या फळीवर.

पाणी सोडलं. उभ्या नळीतलं पाणी चढत गेलं आणि ५१ सेंटिमीटरवर थांबलं. पहिल्या मीटरमध्ये निम्मी उंची गेली, उरलेल्या मीटरमध्ये उरलेली जाणार. उंची कुठे किती हरवते, हे आत्याला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. इथपर्यंत "उंची" फक्त बादलीची होती. आता ती नळीतल्या प्रत्येक जागेची झाली.

मग तिला बाहेरचं तोंड चिमटीत पकडायला सांगितलं. प्रवाह थांबला आणि उभ्या नळीतलं पाणी पुन्हा चढू लागलं: ६०, ७५, ९०. दहा-पंधरा सेकंदांत बादलीच्या पातळीला जाऊन उभं राहिलं. वाहणंच नाही, तर वाटेत उंची हरवणंही नाही. सगळी उंची चिमटीपर्यंत येऊन थांबलेली. चिमूट सोडली की परत ५१. तिनं हे सात-आठ वेळा केलं, मी मधे बोललो नाही.

पुढे मल्टिमीटर हातात आला, तेव्हा तुटलेल्या स्विचच्या दोन टोकांत अख्ख्या बॅटरीचं व्होल्टेज दिसल्याचं तिला आश्चर्य वाटलं नाही. ते या चिमटीमुळे.

२५ जानेवारी

पाण्याचं सामान एका खोलीत, विजेचं दुसऱ्या खोलीत. चार पेन्सिल सेल, सेल होल्डर, १ किलोओहमचे काही रेझिस्टर, मल्टिमीटर, क्रोकोडाइल क्लिप. घरातल्या प्लगचा या खेळाशी संबंध नाही, हे पहिल्या मिनिटाला बजावलं.

पहिल्या सर्किटमध्ये एलईडी ठेवला नाही. लोक सहसा एलईडीनंच सुरुवात करतात, कारण काहीतरी पेटलेलं दिसतं. पण एलईडी साध्या नळीसारखा वागत नाही. स्प्रिंग लावलेल्या झडपेसारखा आहे तो: ठरावीक उंची मिळेपर्यंत जवळपास मिटलेला, आणि त्यानंतर थोडी उंची वाढली तरी भसकन उघडणारा. रुंद नळीनं केला तोच गोंधळ त्यानं पुन्हा केला असता. म्हणून पहिलं सर्किट फक्त सेल, रेझिस्टर आणि मीटरचं. पेटत काहीच नाही, आकडे मात्र दिसतात.

एका सेलचं व्होल्टेज आत्यानं मोजलं, १.५८. दोन सेल एकापुढे एक जोडले, ३.१७. "बादलीवर बादली," ती म्हणाली.

आणि इथे मी माती खाल्ली. करंट कसा मोजायचा ते दाखवायला मीटरची तार मिलिअँपिअरच्या भोकात घातली, चकती फिरवली, आणि तेवढ्यात फोन आला. परत येऊन म्हटलं, "आता चारही सेलचं व्होल्टेज बघ." तिनं मीटरची दोन टोकं चार सेलच्या दोन टोकांना टेकवली. मीटर अजून करंटवर होता. पडद्यावर क्षणभर आकडा चमकला आणि ०.०० झाला.

त्यानंतर करंटची प्रत्येक मोजणी ०.००. मी सेल बदलले, क्लिपा घासल्या, रेझिस्टर बदलला. दीड तास गेला. व्होल्टेज मात्र मीटर अचूक दाखवत होता, त्यामुळे मीटर बिघडला असेल असं डोक्यातच आलं नाही. खरं म्हणजे खूण तीच होती. व्होल्टेज बरोबर आणि करंट कायम शून्य, म्हणजे मीटरच्या आतला फ्यूज उडालेला. मागचं झाकण उघडलं तर काचेच्या नळीतली तार गायब. त्याच आकड्याचा फ्यूज मिळेपर्यंत काम थांबलं. त्या जागी साधी तार गुंडाळायचा मोह होतो. तो टाळा.

१ फेब्रुवारी

नवा फ्यूज बसवला. आत्याला वाटत होतं की मीटर तिनं जाळला. चकती मी तशी सोडली होती, हे तिला दोनदा सांगावं लागलं.

फ्यूज का उडाला, ते पाण्यावरून सांगितलं आणि चांगलं बसलं. प्रवाह मोजायचा तर नळी कापून मोजणारं यंत्र मधे घालावं लागतं, सगळं पाणी त्यातून गेलं पाहिजे. त्यानं स्वतः अडवणूक करायची नाही, म्हणून ते आतून अगदी रुंद असतं. उंची मोजायची तर टीवर उभी नळी लावायची, तिच्यातून पाणी वाहून जातच नाही. आपण काय केलं, तर ते रुंद यंत्र वरच्या बादलीपासून खालच्या टोपापर्यंत सरळ जोडलं. सगळं पाणी धबधब्यासारखं त्यातून गेलं.

आता मीटरवर कागदाची पट्टी चिकटवली आहे, तिच्याच अक्षरात: "करंट, तर कापून मधे. व्होल्टेज, तर बाजूला टेकवून."

मग १ किलोओहमचा रेझिस्टर, एक एक सेल वाढवत:

१.५८ व्होल्ट: १.६ मिलिअँपिअर
३.१७ व्होल्ट: ३.२ मिलिअँपिअर
४.७४ व्होल्ट: ४.७ मिलिअँपिअर
६.३२ व्होल्ट: ६.३ मिलिअँपिअर

१ किलोओहम मुद्दाम घेतला होता. त्याच्यासोबत व्होल्ट आणि मिलिअँपिअर यांचे आकडे सारखेच येतात, आणि सरळ प्रमाण आकडेमोड न करता दिसतं. आत्यानं १२ जानेवारीची वही उघडून हा तक्ता तिच्या शेजारी लिहिला. सूत्र त्यानंतर दिलं:

V = I × R

ओहमलाही माझ्यासारखीच अडचण आली होती, हे तिला सांगितलं तेव्हा तिला बरं वाटलं. त्याचे सुरुवातीचे सेल करंट काढला की मंदावायचे, आमची बादली उतरायची तसे. तेव्हा पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्यानं दोन धातूंचा सांधा घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात. मग व्होल्टेज स्थिर राहिलं आणि आकडे जुळले. त्याचं पुस्तक १८२७ मध्ये आलं.

दोन १ किलोओहम एकापुढे एक जोडून मधल्या सांध्यावर व्होल्टेज मोजलं: ३.१६. "ती उभी नळी," आत्या म्हणाली. मी काहीच सांगितलं नव्हतं.

२ फेब्रुवारी

एलईडी. लांब पाय सेलच्या अधिक बाजूकडे. आधी एक लाल एलईडी रेझिस्टरशिवाय चार सेलला मुद्दाम जोडला. भगव्या रंगाचा झगझगीत लखलखाट आणि काम संपलं. झडप उघडली, पुढे अडवायला काही नाही.

दुसरा जोडायच्या आधी तिनं कागदावर मांडलं. लाल एलईडीत साधारण १.९ व्होल्टची उंची जाते. ६.३ मधून १.९ गेले, उरले ४.४. ते सगळे रेझिस्टरमध्ये हरवले पाहिजेत. रेझिस्टर ४७० ओहमचा, म्हणून ४.४ भागिले ४७०, म्हणजे ९.४ मिलिअँपिअर. मीटर मधे घालून बघितलं, ९.२. दिव्याकडे न बघता ती आधी मीटरकडे बघत होती.

सुईवर लाल उजेड उपयोगाचा नाही, म्हणून पांढरा एलईडी लावला. त्यात साधारण ३ व्होल्ट जातात, मग त्याच ४७० ओहममधून ७ मिलिअँपिअरच येतात. कापड नीट दिसेना. "नळी आखूड करू," म्हणून तिनं पेटीतून २२० ओहमचा निवडला. ३.३ भागिले २२०, म्हणजे १५. उजेड पुरला.

दिवा मशीनला बांधला आणि नवीच तक्रार आली. उजेड एका बाजूनं येतो, त्यामुळे सुईची सावली नेमकी टाक्यावर पडते. दुसऱ्या बाजूलाही दिवा हवा. दोघांना मिळून एकच रेझिस्टर चालेल का, असं मी तिला विचारलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दोन झडपा एकाच नळीवर बसवल्या, तर जी आधी उघडेल तीच जास्त पाणी ओढेल ना?"

दुसरा २२० ओहम शोधून ठेवला आहे. पुढच्या शनिवारी जोडू.